ताशी 1,291 किलोमीटर, पण नक्की कोणता वेग?

17 फेब्रुवारी 2024 च्या शनिवारी रात्री वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या बोइंग 787 ने अटलांटिकवर ताशी 1,291 किलोमीटरचा वेग गाठला आणि ते पाऊण तास आधी उतरलं. बातमी सगळ्यांनी वाचली. ‘ध्वनीपेक्षा वेगवान’ असा मथळाही अनेकांनी पाहिला. तो चुकीचाच होता आणि कुठे चुकला ते समजून घेण्यासारखं आहे. त्या क्षणी त्या विमानाला एक नव्हे, तीन वेग होते.

1,291 हा ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या किंवा समुद्राच्या हिशेबाने विमान किती पुढे सरकलं तो वेग. त्या संध्याकाळी वॉशिंग्टन परिसरातून सोडलेल्या हवामान फुग्याने साधारण 35,000 फुटांवर ताशी सव्वाचारशे किलोमीटरचा वारा नोंदवला होता. हा जेट स्ट्रीमचा वारा. 787 ची नेहमीची चाल ध्वनिवेगाच्या 85 टक्के असते. त्या उंचीवरच्या थंडीत ती ताशी सुमारे 905 किलोमीटर भरते. हा ट्रू एअरस्पीड, भोवतालच्या हवेतून कापलेला खरा वेग. उरलेले 385 वाऱ्याने दिले. पुरात सोडलेली होडी काठावरच्या माणसाला धावताना दिसते, वल्हवणारा मात्र नेहमीच्याच जोराने वल्हवत असतो. ध्वनीची भिंत हवेत असते, नकाशावर नाही, त्यामुळे ती ओलांडायचा प्रश्नच नव्हता.

त्याच पट्ट्यातून तेच विमान उलट आलं असतं तर ग्राउंड स्पीड 520 वर आला असता. म्हणून पश्चिमेला जाणारी विमानं जेट स्ट्रीम टाळून लांबचा रस्ता धरतात.

तिसरा वेग मात्र बातमीत कधीच येत नाही आणि माझ्या मते विमानासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. वैमानिकासमोरच्या पडद्यावर त्या वेळी जेमतेम 290 नॉट, म्हणजे ताशी 540 किलोमीटर दिसत असणार. हा इंडिकेटेड एअरस्पीड. खऱ्या वेगापेक्षा साडेतीनशेहून जास्त कमी, आणि तरी यंत्रात बिघाड काहीही नाही.

कारण ते यंत्र वेग मोजतच नाही, दाब मोजतं. विमानाच्या नाकाशी समोर तोंड करून बसवलेल्या पिटो नळीत हवा घुसते आणि दाब वाढतो. अंगावरच्या बारीक भोकांतून बाहेरच्या शांत हवेचा दाब घेतला जातो. या दोहोंतल्या फरकावरून यंत्र आकडा दाखवतं आणि तो दाखवताना हवा समुद्रसपाटीइतकीच दाट आहे असं धरून चालतं. 35,000 फुटांवर हवेची घनता खालच्या एकतृतीयांशाहूनही थोडी कमी असते. विरळ हवेतून तितकाच दाब मिळवायला बरंच जोरात जावं लागतं. विमान 300 नॉटचा काटा धरून चढत राहिलं, तर 10,000 फुटांवर त्याचा खरा वेग सुमारे 345 नॉट होतो आणि 20,000 वर 400. काटा जागचा हलत नाही.

मग खराच वेग का दाखवत नाहीत? तोही संगणक काढून दाखवतो. पण पंखांना खऱ्या वेगाशी देणंघेणं नसतं. त्यांना उचल मिळते ती याच दाबातून. वजन तेच असेल, तर पंख ज्या काट्याला खाली ‘स्टॉल’ होतात, म्हणजे उचल सोडतात, जवळपास त्याच काट्याला उंचावरही सोडतात. म्हणून वैमानिकाला उंचीप्रमाणे नवे आकडे पाठ करावे लागत नाहीत. (फार उंचावर हवा दबण्याचा परिणाम मिसळतो, म्हणून तिथे ध्वनिवेगाचा अंश पाहून उडवतात.)

हा काटा खोटा बोलू लागला तर काय होतं, हे 1 डिसेंबर 1974 ला न्यूयॉर्कजवळ दिसलं. नॉर्थवेस्ट विमान कंपनीचं बोइंग 727 बफेलोला एका फुटबॉल संघाला आणायला रिकामं निघालं होतं. पिटो नळी तापवणारी बटणं चालू केलेली नव्हती. ढगांत नळ्या बर्फाने बुजल्या आणि आतला दाब तिथेच कोंडला. विमान चढत गेलं, बाहेरचा दाब घटत गेला, फरक वाढला आणि काटा वर सरकत राहिला. वेग फार झाला असं समजून वैमानिकांनी नाक उचललं. 24,800 फुटांवर काटा 420 नॉट सांगत होता आणि नाक 30 अंश वर होतं. प्रत्यक्षात विमान उचल हरवत होतं. स्टॉलची थरथर त्यांना अतिवेगाची वाटली. विमानातले तिघेही गेले. खूण तेव्हाही समोरच होती. नाक इतकं वर ठेवून चढणारं विमान वेग वाढवूच शकत नाही. काटा उंचीबरोबर चढू लागला, तर तो वेगमापक राहिला नाही, उंचीमापक झाला असं समजायचं. आज वैमानिकांना हेच शिकवतात: काट्यावर शंका आली की ठरलेला नाकाचा कोन आणि इंजिनाची ठरलेली ताकद धरायची.

तिन्ही वेगांचा जमिनीवरचा हिशेब पाहायचा तर लेहला जावं. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून 10,600 फुटांहून उंच आहे. समजा एखादं ए 320 विमान 135 नॉट, म्हणजे ताशी 250 किलोमीटरच्या काट्याला उतरतं. मुंबईत 30 अंश तापमानात आणि वारा नसताना त्याची चाकं ताशी सुमारे 255 ने टेकतील. लेहला 20 अंशांच्या दुपारी त्याच वजनाचं विमान, त्याच काट्याला, ताशी सुमारे 305 ने टेकेल. ब्रेकांना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती 40 टक्क्यांहून जास्त होते. वैमानिकाने काहीही चुकीचं केलेलं नसतं, काटाही बरोबर असतो, फक्त धावपट्टी झपाट्याने संपत जाते.

आता यात वारा मिळवा. लेहला डोंगरांमुळे वाऱ्याची दिशा पाहून हवी ती बाजू निवडायची मोकळीक फारशी नसते. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. तो पाठीकडून 10 नॉटचा आला, तरी 305 चे जवळपास 325 होतात. आणि उड्डाणाच्या वेळी तर दुहेरी फटका. काटा हव्या त्या आकड्यावर यायला विमानाला जमिनीवर जास्त वेगाने धावावं लागतं आणि त्याच विरळ, तापलेल्या हवेत इंजिनांची ताकद मात्र कमी पडते.

म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळी असतात आणि तिथून निघताना वजनाला कात्री लागते. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर तुमचं विमान रद्द झालं किंवा सामान मागे राहिलं, तर काउंटरवरच्या माणसावर चिडू नका. तिथल्या हवेत विमानाला तेवढंच उचलता येतं.