मोतीनगरात न्याय कोण करणार?

मुलांनो, कागदावर स्वतःचं नगरराज्य वसवायला घेतलंत, की तट, वेशी, राजवाडा पटापट काढून होतो. अडतं ते कायद्यापाशी. मग बरेचजण लिहून टाकतात, 'राजा सांगेल तो न्याय.' पण राजाच चुकला तर?

आपण एक नगर घेऊ, मोतीनगर. भोवती वाळवंट, प्यायला एकच तळं. म्हणून कायदा असा: प्रत्येक घराने दिवसाला दोनच हंडे पाणी न्यायचं. जास्त नेलं, तर तीन दिवस तळ्यातला गाळ काढायचा. हात तोडण्याची शिक्षा का नाही ठेवली? कारण चूक नंतर कळली, तर तोडलेला हात परत जोडता येत नाही!

एका रात्री चंपाने तळ्यातून दहा हंडे उपसले. कोतवालाने तिला पकडलं. आता निवाडा कोणी करायचा? कोतवालाने नाही. ज्याने पकडलं, त्याला ती दोषीच वाटणार.

इथे खऱ्या अथेन्स नगरराज्याची युक्ती घेऊ. तिथे न्याय करणारे नागरिक सोडतीने निवडत. कोणत्या खटल्याला कोण बसणार हे आधी कळत नसे, त्यामुळे लाच देणं अवघड होई. मात्र त्यांच्या निकालावर अपील नव्हतं. इ.स.पूर्व ३९९ मध्ये अशाच न्यायालयाने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. वर दाद मागायला कुणी नव्हतंच.

म्हणून मोतीनगरात दोन पायऱ्या करू. पहिल्या पायरीवर चिठ्ठी टाकून निवडलेले पाचजण. त्यांनी हंडे मोजले आणि चंपाला दोषी ठरवलं. ती म्हणाली, "शेजारच्या घराला आग लागली होती हो!" ते म्हणाले, "कायद्यात आगीचं नाव नाही."

चंपाने सात दिवसांच्या आत अपील केलं. तोवर शिक्षा थांबली. दुसऱ्या पायरीवर तीन नवे पंच. पहिल्या पाचांपैकी एकही नाही बरं का, नाहीतर आपलाच निकाल ते कसा चुकीचा म्हणतील? या तिघांनी विचारलं, कायदा केला कशासाठी? नगर जगावं म्हणून. चंपाने नगरच वाचवलं. ती निर्दोष! हे कारण त्यांनी लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या आगीच्या वेळी तोच वाद पुन्हा नको.

मग राजाला काय उरलं? फक्त माफी. तो शिक्षा कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. आणि माफी म्हणजे निर्दोष नव्हे. गुन्हा केलास, पण शिक्षा सोडली, एवढाच तिचा अर्थ. म्हणून चंपाला माफी नको होती, अपीलच हवं होतं.

आता तुमच्या नगराची परीक्षा घ्या. उद्या राजानेच तिसरा हंडा नेला, तर त्याला कोण पकडेल, न्याय कोण करेल आणि त्याला माफी कोण देईल? 'राजा स्वतःच' असं उत्तर आलं, तर तो नियम खोडा आणि पुन्हा लिहा.