कोकणकड्याचं कॅलिडोस्कोप

हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्याच्या फोटोतून कॅलिडोस्कोप करायचं, तर आधी योग्य फाक निवडावी. नुसत्या आकाशाची फाक सपाट दिसते. कड्याची कातळकडा आडवी कापणारी फाक घ्यावी, म्हणजे खडकाची चांदणी उमटते.

चौकोनी कॅनव्हासच्या मध्यावर टोक आणि एक कड सरळ उभी, असा ३० अंशांचा त्रिकोणी मास्क फोटोवर लावा. त्याची प्रत आडवी उलटवून उभ्या कडेला जोडा. ही ६० अंशांची जोडपाकळी झाली. तिच्या पाच प्रती टोकाभोवती ६०-६० अंशांनी फिरवल्या की वर्तुळ भरतं.

उलटवणं टाळू नका. नुसतं फिरवलं तर फाकेची डावी कड उजवीला भिडते आणि कातळ मध्येच तुटतो. उलटवल्यावर प्रत्येक कड स्वतःच्याच प्रतिबिंबाला मिळते. कॅलिडोस्कोपच्या नळीतले आरसे हेच करतात. डेव्हिड ब्रूस्टरने त्याचं पेटंट १८१७ मध्ये घेतलं.

पाकळ्या विखुरल्या, तर समजा की फिरण्याचा केंद्रबिंदू लेयरच्या मध्यावर राहिला आहे. तो टोकावर आणा. सांध्यांत केसाएवढ्या फिकट रेषा दिसल्या, तर मास्कची तिरपी कड अर्धा अंश बाहेर सरकवा. पाकळ्या किंचित एकमेकींवर चढतात आणि रेषा बुजतात.