सारांशात शिरलेला ‘मुळे’

संशोधनपर नियतकालिकांतल्या बऱ्याच लेखांना दोन सारांश असतात, एक मराठी आणि एक इंग्रजी, आणि दोहोंच्या खाली बीजशब्दांची ओळ. इंग्रजी सारांश परदेशातल्या सूच्यांमध्ये आणि शोधयंत्रांमध्ये जातो. मराठी सारांश तालुक्याचा कृषी सहायक वाचतो, वार्ताहर वाचतो, एम.ए.चा विद्यार्थी वाचतो. दोन्ही सारांश शेजारी ठेवून वाचणारा माणूस मात्र क्वचितच भेटतो. त्यामुळे ते दोन वेगळ्याच गोष्टी सांगत असले, तरी वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते केवळ समजण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक चूक नेहमीच्या पाहण्यातली आहे. मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या 200 कुटुंबांची पाहणी झाली, 100 ठिबक वापरणारी आणि 100 न वापरणारी. इंग्रजी सारांशात म्हटलंय की ठिबकवाल्यांचं उत्पादन हेक्टरी 18.5 क्विंटल आणि इतरांचं 14.2, म्हणजे 4.3 क्विंटलचा फरक. थकीत कर्ज असलेली कुटुंबं ठिबकवाल्यांत 24 टक्के, इतरांत 32 टक्के. विहिरीतून होणाऱ्या उपशात संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. शेवटी एक कबुली आहे : पाहणी एकाच हंगामाची असल्याने कार्यकारणसंबंध सांगता येत नाही.

आता मराठी सारांश : ‘ठिबक सिंचनामुळे कापसाच्या उत्पादनात एकरी 4.3 क्विंटल वाढ झाली. थकीत कर्जाचे प्रमाण 8 टक्क्यांनी घटले. पाण्याच्या उपशात फरक पडला नाही.’ वाचायला सुबक आहे, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दात घसरलेला आहे.

सगळ्यात आधी दिसते ती एकराची चूक. हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर, म्हणून हेक्टरी 4.3 क्विंटलचे एकरी होतात साधारण 1.74. आपल्याकडे शेतीचं बोलणं एकरात आणि गुंठ्यात चालतं, म्हणून सारांश लिहिणाऱ्याचा हात आपसूक ‘एकरी’कडे वळला, आकडा मात्र तसाच राहिला. फायदा अडीचपट फुगला. टक्क्यांचं वाक्य याहून फसवं आहे. 32 आणि 24 यांच्यात 8 टक्केबिंदूंचं अंतर आहे, पण 32 च्या मानाने पाहिलं तर ती 25 टक्क्यांची तफावत होते. ‘8 टक्क्यांनी’ म्हटल्यावर वाचकाने दोहोंपैकी काय समजायचं? इथे दोन्ही मूळ आकडे देऊन मोकळं व्हावं, हाच सरळ उपाय. शिवाय ‘घटले’ हे क्रियापदच खोटं आहे. कुणाचंही काही घटलेलं नाही. दोन वेगळ्या गटांची एकाच वेळी तुलना केली आहे, आधी आणि नंतर असं काही मोजलेलंच नाही. ‘वाढ झाली’ची गतही तीच.

‘फरक पडला नाही’ हेही तसंच. लक्षणीय फरक आढळला नाही, याचा अर्थ एवढाच की दिसलेला फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका पुरावा हाती नाही. फरक नाहीच, असं मूळ लेखक म्हणत नाहीत.

पण या सगळ्यांत मला ‘मुळे’ सर्वांत घातक वाटतो. इंग्रजीत ‘असोसिएटेड विथ’ असं जपून लिहिलेलं असतं : ठिबक आणि जास्त उत्पादन ही दोन्ही एकत्र आढळतात, एवढंच. ठिबक बसवणाऱ्याकडे मुळातच बरी जमीन, खात्रीची विहीर आणि हातात पैसा असू शकतो, आणि उत्पादन त्यानेही वाढलेलं असू शकतं. मराठीत हे सांगायला ‘ठिबक वापरणाऱ्या कुटुंबांत उत्पादन अधिक आढळले’ असं थोडं लांब जावं लागतं. ‘मुळे’ आणि ‘ने’ आपल्या बोटांवर बसलेले आहेत. वाक्य आटोपशीर होतं आणि पाहणीचा सिद्धान्त बनतो. त्यात कबुलीचं शेवटचं वाक्य शब्दमर्यादेपायी कापलं गेलं की अडवणारं कुणीच उरत नाही.

मग तपासायचं कसं? दोन्ही सारांशांतल्या वाक्यांना क्रमांक देऊन जोड्या लावाव्यात. मराठीने इंग्रजीच्या लांबलचक वाक्याची दोन वाक्यं केली, तर हरकत नाही. तंतोतंत जुळायला हवीत ती विधानं, वाक्यांची बांधणी नव्हे. ज्या वाक्याला जोडीदार नाही, ते एक तर गळलेलं असतं किंवा घुसडलेलं. मग प्रत्येक जोडीत फक्त आकडे, एककं आणि नकार पाहावेत, आणि वेगळ्या फेरीत ‘कदाचित’, ‘शक्यता’, ‘आढळते’ असे जपून वापरलेले शब्द. एकाच वाचनात सगळं पाहू गेलं की डोळा अर्थ आपणच भरून काढतो. सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे इंग्रजी न पाहिलेल्या, विषय जाणणाऱ्या एखाद्याने मराठी सारांश वाचून ‘या संशोधकांना काय सापडलं’ ते सांगायचं. तो ‘ठिबक लावा, उत्पादन वाढतं’ म्हणाला, की समजावं.

बीजशब्दांकडे तर कुणी ढुंकूनही पाहत नाही. आपल्या उदाहरणात इंग्रजीत पाच आहेत : ठिबक सिंचन, कापूस, भूजल, लहान व सीमांत शेतकरी, मराठवाडा. मराठीत ‘ठिबक सिंचन, कापूस, पाणीटंचाई, अल्पभूधारक, शेतकऱ्यांचे कर्ज’ अशी ओळ. भूजलाची पाणीटंचाई झाली, मराठवाडा गायब आणि कर्ज नव्याने आलं. सरकारी वर्गवारीत एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी सीमांत आणि एक ते दोन हेक्टरचा अल्पभूधारक. काटेकोर धरलं, तर निम्मा गट सुटला. म्हणून बीजशब्दांची संख्या आणि क्रम दोन्हीकडे सारखाच ठेवावा, म्हणजे तिसऱ्यासमोर तिसरा येतो आणि चूक लगेच दिसते. शब्द विभक्तीविना द्यावा, कारण शोधणारा ‘शेतकरी कर्ज’ असं टाइप करतो, ‘शेतकऱ्यांचे’ असं नाही. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यातला शब्द पटला नाही तर दुसरा जरूर घ्यावा, पण मग लेखभर तोच वापरावा.

एक दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’तला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी उमटतो : U+0931 हे अक्षर वापरून, किंवा साध्या र-ला हलन्त देऊन त्यामागे U+200D हे अदृश्य चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना अनेकदा एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. बीजशब्द कॉपी करून त्याच लेखाच्या शोधखिडकीत टाकावा. लेखात समोर दिसणारा शब्द सापडत नसेल, तर घोटाळा इथेच आहे.

इतकी काळजी घेऊनही फरक उरतो, त्याचं कारण बहुधा साधं असतं. परीक्षकांच्या सूचनांनंतर लेखक इंग्रजी सारांश बदलतात, नमुन्यातली काही कुटुंबं वगळली जातात, निष्कर्ष सौम्य होतो, आणि मराठी सारांश पहिल्या खर्ड्यातलाच छापला जातो. म्हणून ही तपासणी लेख स्वीकारल्यानंतर, शेवटच्या मुद्रितावर व्हायला हवी. आणि दोन सारांशांत तफावत सापडली की इंग्रजी बरोबर असं गृहीत धरून मराठी दुरुस्त करू नये. आधी लेखातला निष्कर्षांचा तक्ता उघडावा. इंग्रजीतच 14.2 चे 12.4 झालेले असू शकतात, आणि मराठी लिहिणाऱ्याने तो आकडा थेट तक्त्यातून घेतलेला असू शकतो.