झोपेच्या तीन बाटल्या आणि एक चिठ्ठी

पुण्यातल्या एका औषधाच्या दुकानात साठीचे एक गृहस्थ रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन घ्यायला आले. सोबत त्यांनी सर्पगंधा वटी, तगराच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा चूर्णही मागितलं. रात्री तिन्ही एकदम घेतो, पण सकाळी उठताना भोवळ येते, नाकही चोंदलेलं असतं, असं ते सहज बोलून गेले. फार्मासिस्टबाईंनी बिलाच्या मागे चिठ्ठी लिहून दिली:

‘काका, सर्पगंधेत रेसरपिन असतं. ते रक्तदाब उतरवतं. तुमची गोळीही तेच करते. दोन्ही मिळून दाब फार खाली जात असावा, म्हणून उभं राहताना भोवळ. नाक चोंदणं हीसुद्धा रेसरपिनची ओळखीची खूण. तगर आणि अश्वगंधा गुंगी वाढवतात.’

रेसरपिन एकेकाळी डॉक्टर रक्तदाबासाठी सर्रास लिहून देत. त्याचा अंमल गोळी थांबवल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो.

त्यातच तिन्ही एका रात्री सुरू केली की गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा, हे ओळखता येत नाही. लेबलवर एकाच वनस्पतीचं नाव असलं, तरी चूर्ण आणि अर्क यांची ताकद सारखी नसते.

चिठ्ठीच्या शेवटी सूचना होती: ‘तिन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा. बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजून घ्या. अ‍ॅम्लोडिपिन मात्र स्वतःहून बंद करू नका.’