मंजूर किती आणि खर्चता येतात किती?

निधी मंजुरीचा शासन निर्णय कार्यालयात आला की पहिली चौकशी होते, ‘किती मंजूर झाले?’ पण अशा निर्णयात बहुधा एकाहून जास्त रकमा असतात आणि लेखाधिकाऱ्याला त्यांतली एकच खर्चता येते. म्हणून त्याच्यासाठी गोषवारा काढताना सर्वांत मोठा आकडा वर लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ग्रामीण रुग्णालयांसाठी तीन एक्स-रे यंत्रे घ्यायची आहेत. प्रत्येकी 14 लाख याप्रमाणे 42 लाख, शिवाय खोल्यांची दुरुस्ती आणि वायरिंगसाठी 6 लाख 60 हजार. अशा 48 लाख 60 हजारांना प्रशासकीय मान्यता मिळते. पुढच्या परिच्छेदात येते की चालू वर्षाच्या अर्थसंकल्पात यासाठी 30 लाखांची तरतूद आहे. त्याच्याही पुढे, निर्णयाच्या अगदी मध्यावर, एक वाक्य असते: त्यापैकी 18 लाख रुपये वितरित करण्यात येत आहेत. मान्यता म्हणजे हे काम करायला हरकत नाही. तरतूद म्हणजे विधिमंडळाने वर्षभरासाठी दिलेली मर्यादा. हातात आलेले मात्र 18 लाखच. बीम्स प्रणालीवर तेवढीच रक्कम दिसेल आणि कोषागार तेवढ्याच रकमेचे देयक पारित करील. गोषवाऱ्यात तिन्ही रकमा हव्यात, पण प्रत्येकीला तिच्या नावानिशी, आणि वितरित रक्कम सर्वांत आधी. एकक तपासायलाही विसरू नये. निर्णयाला जोडलेल्या तक्त्यावर कोपऱ्यात ‘रुपये लाखात’ लिहिलेले असते, तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आकडे हजारांत असतात. तिथले ‘30,00’ म्हणजे तीस लाख. म्हणून गोषवाऱ्यात रक्कम पूर्ण रुपयांत आणि अक्षरी लिहावी.

आता लेखाशीर्ष. हा नुसता क्रमांक नाही, पैसा कशासाठी आहे याची ती हद्द आहे. आपल्या उदाहरणात सुरुवातीचे चार अंक 2210 आहेत, म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च. 4210 असते तर तोच खर्च भांडवली ठरला असता. शेवटी उद्दिष्ट येते 52, यंत्रसामग्री व साधनसामग्री. घोटाळा नेमका इथे होतो. वितरित झालेले 18 लाख सगळे 52 खाली आहेत. खोलीची दुरुस्ती हे बांधकाम, त्याचे उद्दिष्ट 27, लहान बांधकामे. 52 मधून भिंतीचे देयक लावले तर कोषागार ते आक्षेप घेऊन परत करील, आणि नजरचुकीने पारित झालेच तर पुढे लेखापरीक्षणात परिच्छेद निघेल. मान्यतेत 6 लाख 60 हजार आहेत, वितरणात एक रुपयाही नाही, ही ओळ गोषवाऱ्यात ठळक असलीच पाहिजे. एक्स-रे यंत्र वापरण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि खोली सुरक्षित नसेल तर तो मिळत नाही. यंत्र येऊन खोक्यातच पडून राहते ते अशाने, आणि त्याची चाहूल लेखाशीर्ष वाचतानाच लागते.

अटी जशा आल्या तशा उतरवून उपयोग नाही. मला वाटते, कोणती अट केव्हा आड येईल त्यानुसार त्या लावाव्यात. खरेदी उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016च्या नियमपुस्तिकेप्रमाणे करावी आणि दायित्व वितरित निधीच्या मर्यादेतच निर्माण करावे, या अटी पुरवठा आदेशाआधीच्या. यंत्र मिळाल्याचा व बसवल्याचा दाखला देयकासोबतचा. उपयोगिता प्रमाणपत्र नंतरचे. दायित्वाच्या त्या अटीमुळे आपल्या उदाहरणात आज एकाच यंत्राचा आदेश देता येतो, कारण दोन यंत्रांना 28 लाख लागतील. अटीतले ‘मर्यादेत’, ‘पूर्वमान्यतेने’, ‘वगळून’ असे शब्द संक्षेपात गाळू नयेत. अट त्या शब्दांतच असते.

मुदतीचेही दोन भाग आहेत. वितरित निधी 31 मार्चला व्यपगत होतो. एका यंत्रानंतर उरलेले 4 लाख वापरता येणार नसतील तर ते वेळेत समर्पित करावे लागतात. निधी जाऊ नये म्हणून पैसे काढून बँकेत ठेवणे कोषागार नियमांना धरून नाही, कारण तातडीने अदा करायची नसलेली रक्कम काढताच येत नाही. प्रशासकीय मान्यता मात्र, निर्णयात वेगळे म्हटले नसेल तर, 31 मार्चने आपोआप संपत नाही. पुढच्या वर्षी त्याच मान्यतेवर उरलेली यंत्रे घेता येतात, पण त्यासाठी नवी तरतूद आणि नवे वितरण लागते.

प्रत्येक नोंदीपुढे निर्णयातला परिच्छेद क्रमांक द्यावा आणि वर निर्णयाचा क्रमांक, दिनांक व संगणक संकेतांक, म्हणजे अधिकाऱ्याला मूळ ओळ लगेच सापडते. जे निर्णयात सांगितलेलेच नाही ते तर्काने भरू नये. आपल्या गोषवाऱ्याची शेवटची नोंद अशी असेल: ‘दुरुस्तीचे 6,60,000 रुपये कोणत्या लेखाशीर्षाखाली व केव्हा मिळतील याचा उल्लेख नाही; यंत्राचा पुरवठा आदेश देण्यापूर्वी विभागाकडून खुलासा घ्यावा.’