कॉल अडखळतो तो कशामुळे?

व्हिडिओ कॉल तुटक यायला लागला की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो मोठ्या प्लॅनचा. ५० एमबीपीएसचं कनेक्शन १०० चं होतं, बिल वाढतं आणि कॉल मात्र तसाच अडखळतो. प्लॅनमध्ये आपण विकत घेतो ती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती डेटा जाईल याची मर्यादा. दोघांच्या कॉलला २ ते ४ एमबीपीएस सहसा पुरतात. ती खरोखर कमी पडली तर ॲप आधी चित्राचा दर्जा उतरवतं. चेहरा धूसर होतो, बोलणं बहुधा चालू राहतं.

लेटन्सी म्हणजे डेटा पोचायला लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तरी लागणारच, आणि केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे. अशा कॉलवर दोघंही एकदम बोलू लागतात, मग दोघंही थांबतात. पण उशीर सारखाच राहिला तर आवाज तुटत नाही.

तुटतो तो जिटरमुळे. जिटर म्हणजे उशिरातला चढउतार. आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो. समोरचं ॲप आलेले तुकडे क्षणभर साठवून एका लयीत वाजवतं. साठा ६० मिलिसेकंदांचा असेल आणि एखादा तुकडा नेहमीपेक्षा ९० मिलिसेकंद उशिरा आला, तर त्याची वेळ टळलेली असते. तो टाकून द्यावा लागतो. ॲप साठा वाढवूही शकतं, पण तेवढा संवाद लांबतो. वाटेत हरवलेल्या तुकड्यांचाही परिणाम कानाला असाच जाणवतो.

दोष कुठे आहे हे घरीच तपासता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी स्वतःच्या राउटरला विचारायचं, मग बाहेर:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

(काही राउटरचा पत्ता वेगळा असतो.) समजा, राउटरकडूनच ३, ४, १८०, ५, २४० मिलिसेकंद अशी उत्तरं आली, तर गडबड वाय-फायची आहे: भिंती, अंतर किंवा शेजाऱ्यांचे राउटर. केबल लावावी, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जावं.

राउटरची उत्तरं स्थिर, पण बाहेरची २० वरून ३०० वर उडत असतील, तर घरातलं अपलोड बघावं. फोन फोटोंचा बॅकअप घेत असला की राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि आवाजाचे चिमुकले तुकडे त्या रांगेत अडकतात. बॅकअप थांबवून पुन्हा तपासावं. तरीही आकडे उडतच राहिले, तर केबलवर घेतलेले हेच आकडे घेऊन कंपनीकडे तक्रार करावी.