झोपेआधीचा सोहिला

दिवसाची कामं आटोपली की अनेक शीख घरांत हातपाय धुऊन, डोकं झाकून सगळे एकत्र बसतात आणि ‘कीर्तन सोहिला’ म्हणतात. गुरू ग्रंथसाहिबातली ही पाच पदं: तीन गुरू नानकांची, एक गुरू रामदासांचं, एक गुरू अर्जनांचं. म्हणायला पाच-सात मिनिटं पुरतात. मोठं माणूस सुरुवात करतं, बाकीचे सूर मिळवतात; लहानग्यांना अर्थ कळण्याआधीच ओळी पाठ होतात.

पहिल्याच पदात मृत्यूकडे लग्न म्हणून पाहिलं आहे. मुहूर्त ठरला आहे, सख्यांनी दारात तेल ओतावं, नवरीला प्रियकराची भेट घडावी असा आशीर्वाद द्यावा. नवरी म्हणजे जीव, प्रियकर परमेश्वर. रोज निजताना मुलांनी मरणाबद्दल इतक्या आनंदानं गावं, हे मला फार धीराचं वाटतं. तिसऱ्या पदात आकाशाचं तबक होतं, सूर्य-चंद्र दिवे होतात; आरती अखंड चालूच असते.

रात्री गुरुद्वारात ग्रंथसाहिब विश्रामाला नेतानाही सोहिला म्हणतात, आणि अंत्यसंस्काराच्या वेळीही हीच पदं म्हटली जातात.